राजीनाम्याआधीचे नऊ महिने

वाढदिवसाच्या घरी केक कापला जातो, पहिला घास तोंडात जातो आणि कोणीतरी म्हणतंच, "अगं, तू हे विकायलाच पाहिजेस!" ज्याच्या हाताला काही कला आहे, त्याने हे वाक्य आयुष्यात कधीतरी ऐकलेलं असतं. कोणी वारली चित्रं काढतं, कोणी पैठणीच्या काठाच्या पर्स शिवतं, कोणी लाकडाची खेळणी करतं. कौतुक खरं असतं, पण ते फुकट असतं. म्हणणाऱ्याच्या खिशातून त्यासाठी काही जात नाही. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र नोकरी सोडण्याचा विचार रुजतो आणि पुढची दोनचार वर्षं तो तसाच खदखदत राहतो. उडीही मारली जात नाही आणि विचारही सुटत नाही.

यातून बाहेर पडायचा शहाणपणाचा रस्ता असा: ठरावीक मुदत, ठरावीक कमाईचं लक्ष्य आणि दोन्ही आधी कागदावर. सल्ला जुनाच आहे. पण मुदत किती धरायची, लक्ष्य कुठल्या आकड्याचं ठेवायचं आणि मुदत संपल्यावर ते आकडे वाचायचे कसे, याबद्दल फारसं बोललं जात नाही. म्हणून एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटापर्यंत नेऊ. घरून केक करून विकण्याचं. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गावात, तुमच्या छंदात ते बदलतील. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

समजा, नाशिकमधली एक बाई आहे. खासगी कंपनीत हिशेब विभागात काम करते, हातात महिना ३२,००० रुपये येतात. शनिवार-रविवारी केक करते आणि ते उत्तम होतात. तिला विचारायचं आहे ते एवढंच: नोकरी सोडू का?

आधी रेषा आखायची

पहिला आकडा केकचा नाही, घराचा आहे. तिच्या पगारातून घरात नेमकं काय भागतं? मुलाची फी, गाडीचा हप्ता, किराण्यातला तिचा वाटा, विम्याचा हप्ता, सगळं मांडल्यावर बेरीज होते २४,०००. ही तिची खालची रेषा. यापेक्षा कमी उरलं तर घराची घडी विस्कटते. वरची रेषा नोकरीइतकं मिळण्याची. ती ३२,०००वर थांबत नाही, कारण कंपनी तिच्या नावे भविष्यनिर्वाह निधीत पैसे भरते, आरोग्य विमा देते, भरपगारी रजा देते. हे सगळं स्वतः उभं करायचं तर ३६,००० तरी धरावे लागतील.

दोन रेषा आखण्याचा फायदा असा की, नंतर वाद होत नाहीत. खालची रेषा गाठली तर नोकरी सोडणं शक्य आहे. वरची गाठली तर ते फायद्याचं आहे. मधल्या पट्ट्यात असाल, तर तेवढ्या पैशांची किंमत मोजून आवडीचं काम घ्यायचं का, हे घराने मिळून ठरवायचं.

आणि लक्ष्य नेहमी उरलेल्या पैशांचं ठेवायचं, विक्रीचं नाही. "या महिन्यात २०,०००चे केक गेले" हे वाक्य ऐकायला छान आहे. त्यातून घरात किती आले, हे त्यात कुठेच नाही.

एका केकचा पूर्ण हिशेब

एक किलोचा चॉकलेट ट्रफल केक घेऊ. ती तो ९०० रुपयांना देते. मैदा, साखर, अंडी, तेल, कोको मिळून स्पंजचा खर्च ९० रुपये, व्हिपिंग क्रीम १००, डार्क कंपाउंड ७०, पाक, चेरी, किरकोळ २०. झाले २८०. सुरुवातीला तिचा हिशेब इथेच थांबत असे: ९००मधून २८० गेले, ६२० राहिले, आणि केकला लागले दोन तास. म्हणजे तासाला ३१० रुपये! नोकरीत आठ तास काम आणि दीड तास प्रवास धरला, तर महिन्याला पंचवीस दिवसांच्या हिशेबाने तिला तासाला साधारण १३५ पडतात. या दोन आकड्यांकडे पाहिलं की कोणीही राजीनामा लिहायला बसेल.

आता राहिलेलं घालू. खोका आणि खालचा बोर्ड ४५. ओव्हन, बीटर आणि फ्रिजची वीज २०. पोचवायला पेट्रोल ३०. शिवाय दर वीस केकमागे एखादा फसतोच. स्पंज मध्ये बसतो, मे महिन्यात क्रीम धरत नाही, रस्त्यातल्या खड्ड्यात कडा चेपते. त्याचा भार प्रत्येक केकवर २५ रुपये. खर्च झाला ४००, उरले ५००.

वेळेचंही तसंच. तिने मोजलेले दोन तास ओट्यापुरते होते: मिश्रण करून ओव्हनमध्ये घालायला तीस मिनिटं, क्रीम आणि गनाशला पंचवीस, थर रचून पहिलं लिंपण करायला पस्तीस, वरची सजावट आणि नाव लिहायला पंचवीस. पण त्याआधी गिऱ्हाइकाशी वीस मिनिटं बोलणं झालेलं असतं. "फुलपाखरू नको, युनिकॉर्न करा, आणि गुलाबी जरा फिकट." सामान आणण्यात वीस मिनिटांचा वाटा जातो, फोटो आणि पॅकिंगला दहा, पोचवायला वीस, चिकट भांडी घासायला पंधरा. एकूण दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. केक ओव्हनमध्ये असतो तो वेळ यात धरलेला नाही, कारण तेव्हा तिचे हात मोकळे असतात.

५०० रुपये, तीन तास वीस मिनिटं. तासाला १५०.

तीनशे दहाचे दीडशे झाले. तरीही हे वाईट नाही, नोकरीच्या तासापेक्षा किंचित बरंच आहे. पण चित्र पार बदललं, आणि ते बदलायला घड्याळ आणि वही पुरली. आपल्याकडे या हिशेबातून आणखी एक गोष्ट हमखास सुटते: घरच्यांचे हात. भांडी सासूबाई घासतात, केक पोचवायला नवरा जातो, फोटो मुलगी काढते. धंदा हौसेचा आहे तोवर हे चालतं. रोजचा झाला की सासूबाईंचे गुडघे दुखायला लागतात आणि तिथे पगारी बाई ठेवावी लागते. म्हणून घरच्यांच्या वेळेलाही पहिल्या दिवसापासून दर लावायचा, पैसे प्रत्यक्षात दिले नाहीत तरी.

याशिवाय केक असो-नसो, महिन्याला जाणारे पैसे असतात. ओव्हन, बीटर, साच्यांची झीज, फोनचा खर्च, नमुन्यादाखल वाटलेले तुकडे. हे २,००० धरू. आता खालची रेषा गाठायला किती केक लागतील? २४,००० अधिक २,००० म्हणजे २६,०००, भागिले ५००. बावन्न केक. वेळ साधारण १७३ तास, पूर्ण वेळच्या नोकरीइतकाच. कागदावर जमतंय.

मुदत किती?

'तीन महिने करून बघू' असं बहुतेक जण म्हणतात. तीन महिन्यांत फक्त एक ऋतू दिसतो.

लिज्जत पापडाची सुरुवात सगळ्यांना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले, ८० रुपये उसने घेऊन. त्यातला एक तपशील फारसा सांगितला जात नाही. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, आणि काम चार महिने बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला; खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. कोणी मार्च ते मे असा हिशेब मांडून वर्षाचा अंदाज बांधला असता, तर तो पावसात वाहून गेला असता. आणि जून-जुलै पाहून निकाल लावला असता, तर धंदाच बुडीत ठरला असता.

प्रत्येक छंदाला असा पावसाळा असतो, तो आपापल्या पंचांगात शोधावा लागतो. आकाशकंदील करणाऱ्याचं वर्ष सहा आठवड्यांचं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याचं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं. केकचं पंचांग असं: श्रावणात अंड्याविना केकची मागणी वाढते आणि ज्यांचा हात त्यावर बसलेला नाही, त्यांचे महिने कोरडे जातात. पितृपक्षात फोन थंडावतो. दिवाळीत केक मागे पडतो, पण भेटीच्या खोक्यांत नानखटाई आणि कुकीज जातात. डिसेंबरमध्ये प्लम केकची झुंबड. जानेवारीत शुकशुकाट. फेब्रुवारीत पुन्हा थोडी जाग. मे महिन्यात क्रीम वितळतं, पण मुलांचे वाढदिवस सुट्टीत जोरात असतात. (आधीच्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यावरच्या १ जूनला मात्र कोणी केक मागवत नाही.)

म्हणून आपली बाई जून ते फेब्रुवारी असे नऊ महिने धरते. त्यात दोन मंद काळ आणि दोन तेजीचे काळ येतात. यापेक्षा कमी मुदतीत नशीब कुठे संपलं आणि धंदा कुठे सुरू झाला, हे ओळखता येत नाही. दीडदोन वर्षांची मुदत घेतली, तर ती मुदत राहत नाही. सवय होऊन बसते.

या नऊ महिन्यांत नोकरी चालू ठेवायची. पण आधी नेमणूकपत्र वाचायचं, कारण पुष्कळ कंपन्यांत जोडधंद्याला मनाई असते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत; परवानगीशिवाय त्यांना खासगी व्यापार करता येत नाही. खाण्याचा पदार्थ विकायचा, तर घरातून असला तरी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. छोट्या धंद्याला ती ऑनलाइन करता येते आणि चौदा आकडी क्रमांक मिळतो. आणि पैशांसाठी वेगळं बँक खातं. केकचे पैसे आणि घरचे पैसे एकाच खात्यात आले, की महिनाअखेर कोणालाच काही सांगता येत नाही.

टप्प्याटप्प्याची लक्ष्यं

नोकरी सांभाळून तिच्याकडे केकसाठी महिन्याला ६५ तास निघतात: शनिवार-रविवार आणि एखाददोन संध्याकाळी. पूर्ण वेळ केला तर १८० तास मिळतील. २४,०००मधला ६५ तासांचा वाटा होतो साधारण ८,७००. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांचं लक्ष्य ९,००० ठेवलं, त्याआधीच्या तीनांचं ६,०००, पहिल्या तीनांचं ३,०००. पहिल्याच महिन्यापासून ९,००० मागणं चुकीचं ठरलं असतं, कारण तेव्हा हात बसलेला नसतो आणि गिऱ्हाईक ओळखीचंच असतं.

ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी एक वेगळा रकाना हवा. प्रत्येक ऑर्डरीपुढे लिहायचं: ओळखीचा, ओळखीतून आलेला, की अगदी अनोळखी? पहिल्या दोन महिन्यांत भाऊबंद, सोसायटी आणि ऑफिस मिळून दहाबारा केक सहज खपतात. त्यातले काही केक आवडला म्हणून जातात, काही भिडेखातर. हा साठा लवकर आटतो. सहाव्या महिन्यापर्यंत निम्म्याहून जास्त ऑर्डरी अशा माणसांच्या आल्या पाहिजेत, ज्यांना तिचं आडनावही माहीत नाही. मागितलेली किंमत ऐकून ते परत जाऊ शकतात आणि तरी जात नाहीत, यातच बाजाराचा खरा कौल आहे. ओळखीच्यांनाही भाव तोच. सवलत द्यायचीच असेल तर पूर्ण किंमत वहीत लिहून सवलत वेगळी दाखवायची, म्हणजे आपण किती नाती सांभाळली तेही कळतं.

लक्ष्याबरोबर थांबण्याचा नियमही तेव्हाच लिहायचा. तिचा नियम असा: लागोपाठ दोन टप्प्यांत लक्ष्य हुकलं, तर ऑर्डरी घेणं बंद, केक पुन्हा घरच्यांसाठी. आणि मुदत संपेपर्यंत नवं यंत्र कर्ज काढून घ्यायचं नाही. मोठा ओव्हन घेतला की माणूस ओव्हनचे हप्ते फिटावेत म्हणून धंदा चालू ठेवतो, आणि मग चाचणीला अर्थ राहत नाही.

नऊ महिन्यांची वही

मुदत संपली. सगळे खर्च वजा जाता उरलेले पैसे असे: जून ३,२००, जुलै ३,९००, ऑगस्ट ४,६००. सप्टेंबरात पितृपक्ष, ४,१००. ऑक्टोबरात दिवाळी, ८,८००. नोव्हेंबर ७,४००. डिसेंबर १९,५००. जानेवारी ६,९००. फेब्रुवारी ९,६००.

इथे सरासरी काढायचा मोह होतो. शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी बरोबर १२,००० येते. लक्ष्य होतं ९,०००, म्हणजे दणक्यात पास! पण ही सगळी डिसेंबरची करामत आहे. त्या एका महिन्याने शेजारच्या दोघांना उचलून धरलंय. डिसेंबर बाजूला ठेवला तर सरासरी ८,२५०वर येते. म्हणून सरासरीपेक्षा मधला महिना पाहावा. तीन महिने चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा. पहिल्या टप्प्यात मधला ३,९००, दुसऱ्यात ७,४००, तिसऱ्यात ९,६००. तिन्ही वेळा लक्ष्य गाठलंय. सणाच्या लाटेवर न तरंगता गाठलंय.

वेगही वाढला. जूनमध्ये दोनशे मिनिटांचा केक फेब्रुवारीत एकशे सत्तर मिनिटांत होऊ लागला, कारण रचना ठरावीक पाचसहा झाल्या आणि सामान एकदम येऊ लागलं. फेब्रुवारीत तिने तेवीस केक केले आणि तेही ६५ तासांतच.

लक्ष्य पूर्ण, मग राजीनामा द्यायचा? अजून एक वही उघडायची राहिली आहे. बहुतेक जण ती ठेवतच नाहीत.

नाही म्हटलेल्या ऑर्डरी

नोकरी सोडल्याने माणसाला नेमकं काय मिळतं? वेळ. गिऱ्हाईक मिळत नाही. त्यामुळे नोकरी सांभाळून केलेल्या चाचणीत सगळ्यांत मोलाची गोष्ट अशी शोधायची: आपला धंदा वेळेअभावी अडलाय, की गिऱ्हाइकाअभावी? ऑर्डरी येतात आणि वेळ नाही म्हणून परत पाठवाव्या लागतात, तर नोकरी सोडण्यात अर्थ आहे. हातात वेळ आहे आणि फोन वाजत नाही, तर नोकरी सोडून फक्त फोनकडे बघत बसण्याचे तास वाढतील.

हे कळायला एकच उपाय: प्रत्येक नकार लिहून ठेवायचा. तारीख, काय हवं होतं, कोणत्या वारी हवं होतं, नाही का म्हटलं. "भाव जास्त वाटला" म्हणून गेलेलं गिऱ्हाईक यात धरायचं नाही, ते वेगळ्या पानावर.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत आपल्या बाईने वेळेअभावी चोवीस ऑर्डरी नाकारल्या. हा आकडा पाहून राजीनाम्याचा कागद पुन्हा पुढे ओढावासा वाटतो. पण वाराचा रकाना पाहा. चोवीसपैकी सतरा शनिवार-रविवारच्या. वाढदिवस मंगळवारी असला तरी लोक तो रविवारी साजरा करतात. नोकरी सोडून तिच्या हाती येणार आहेत सोमवार ते शुक्रवार! त्या वारांच्या नाकारलेल्या ऑर्डरी चार महिन्यांत अवघ्या सात. म्हणजे महिन्याला दोनसुद्धा नाहीत.

थोडं उदार होऊन हिशेब करू. शनिवारच्या केकचा स्पंज गुरुवारी भाजून, नीट गुंडाळून ठेवता येतो. गनाश आदल्या दिवशी होतो. सामान, फोनवरचं बोलणं, सगळं आठवड्यात उरकता येतं. म्हणून समजू की, नोकरी नसती तर चोवीसच्या चोवीस ऑर्डरी तिने पुऱ्या केल्या असत्या. चोवीस गुणिले ५००, म्हणजे चार महिन्यांत १२,०००, महिन्याला ३,०००. फेब्रुवारीच्या ९,६००मध्ये ते मिळवले की १२,६००. खालची रेषा २४,०००ची आहे. निम्मं अंतर जेमतेम कापलं गेलं.

शिवाय जागेचा प्रश्न आहे. बावन्न केकांपैकी साठ टक्के जरी शनिवार-रविवारचे धरले, तरी दर आठवड्याला आठ होतात. तिच्या फ्रिजमध्ये भाजी-दूध बाजूला सारून केकचे चार खोके मावतात. म्हणजे तिची मर्यादा हाताची नाही आणि कौशल्याचीही नाही. फ्रिजच्या फळीची आणि आठवड्याच्या दोन वारांची आहे. नऊ महिन्यांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं तर तिला पटलं नसतं. तेव्हा तिला वाटत होतं, प्रश्न फक्त धाडसाचा आहे.

निकाल: पास, पण या केकवर नाही

सरळ उत्तर असं: चव विकली जाते, भाव मिळतो, अनोळखी माणसं येतात, तासाला नोकरीइतके सुटतात. पण फक्त ऑर्डरीचे क्रीम केक करून घर चालणार नाही. आता तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, हे असंच चालू ठेवायचं: नोकरी आणि वरचे नऊदहा हजार. याला हरणं म्हणायचं कारण नाही, पुष्कळांसाठी हेच योग्य उत्तर असतं. दुसरी, आठवड्याच्या रिकाम्या पाच दिवसांत विकलं जाईल असं काही शोधायचं आणि त्याची वेगळी, छोटी मुदत लावायची.

तिने दुसरी वाट घेतली असं धरू. चहाबरोबर खायचे सुके केक: गव्हाचा गुळाचा, केळ्याचा, रव्याचा. याला क्रीम नाही, म्हणून फ्रिज लागत नाही आणि शनिवारची वाट पाहावी लागत नाही. पाव किलोचा एक लोफ १६० रुपयांना, सगळा खर्च ६५, उरतात ९५. ओव्हनमध्ये एका वेळी चार बसतात आणि सगळं धरून चारांना मिळून शंभर मिनिटं लागतात. युनिकॉर्नची चर्चा नाही. तासाला २२८ रुपये सुटतात, सजवलेल्या केकपेक्षा कितीतरी जास्त.

१२,६०० ते २४,००० हे अंतर ११,४००चं. भागिले ९५, म्हणजे महिन्याला १२० लोफ. आठवड्याला तीस. हे थेट गिऱ्हाइकाला विकले तर. दुकानात ठेवले आणि दुकानदाराने वीस टक्के घेतले, तर एका लोफमागे ६३च उरतील आणि १२०च्या जागी १८१ लागतील. शिवाय दुकानदार उधारी ठेवणार, न खपलेला माल परत देणार. म्हणून सुरुवात थेट विक्रीने: दोन सोसायट्या, एक ऑफिस, दर बुधवारी ठरलेली खेप. वेष्टनावर घटक, तारीख, शाकाहारी-मांसाहारी खूण आणि तो चौदा आकडी क्रमांक.

नवी मुदत चार महिने, मार्च ते जून. दुसऱ्या महिन्यात ६० लोफ, चौथ्यात १२०, आणि घेणाऱ्यांपैकी निम्मे तरी दर आठवड्याला पुन्हा घेणारे. ६० लोफांना पंचवीस तास, ते संध्याकाळी निघतील. शेवटच्या महिन्यात १२०ला पन्नास तास लागतील, त्यासाठी तिने बिनपगारी रजा मागायची ठरवली. रजेच्या त्या महिन्यात आणखी एक गोष्ट तपासता येईल, जी शनिवार-रविवारी कधीच कळत नाही: सलग पाच दिवस सकाळी उठून तेच मिश्रण, तेच साचे, तीच चव करताना मन रमतं का?

हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण त्यालाही आकडा आहे. तिला मनापासून आवडतं ते साखरेची फुलं करणं. एका जास्वंदीला पाऊण तास लागतो आणि त्याचे वेगळे १५० रुपये द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. नऊ महिन्यांच्या वहीत फुलांचे केक होते तीन. बाकी सगळे ट्रफल, बटरस्कॉच आणि अननस. छंद पोटापाण्याचा झाला की त्यातला जो भाग विकला जातो, तो सहसा आपल्या आवडीचा नसतो. तो भाग रोज करायची तयारी आहे का, एवढंच ठरवायचं असतं. फुलं मग रविवारी दुपारी, घरच्यांसाठी.

जूनअखेर १२० लोफ गेले आणि वहीतल्या मधल्या महिन्याने खालची रेषा गाठली, तर जुलैत राजीनामा. गेले नाहीत, तर सुके केक बंद, नोकरी चालू आणि शनिवारचे ट्रफल पूर्वीसारखे. दोन्ही वाक्यं तिने मार्चच्या पहिल्या तारखेलाच लिहून, खाली सही करून ठेवायची. जुलैत मन काय म्हणेल त्याचा भरवसा नाही, म्हणून निर्णय मार्चमधल्या बाईने घेतलेला बरा.